साय-फायचा हिट आधी परातीत, मग प्लगिनमध्ये

प्रश्न: साय-फाय सीनसाठी खोल हिट्स आणि मेटॅलिक ड्रोन करतोय, पण पिच खाली नेला की सगळा आवाज मेल्यासारखा होतो. कुठलं ग्रॅन्युलर प्लगिन घेऊ?

जे आहे तेच वापरा, आवाज प्लगिनमुळे मरत नाहीये. एका शॉर्टफिल्ममध्ये यानाच्या मालखान्याचं दार बंद होतं आणि मग मोकळा कॉरिडॉर, एवढंच होतं, आणि आमचे सिनियर अडून बसलेले की महागडी सॅम्पल लायब्ररी घ्या, घरच्या भांड्यांनी यान होत नाही. मी स्टीलची परात दोरीला टांगली आणि कापड गुंडाळलेल्या बत्त्याने ठोकली, रेकॉर्डिंग 192 kHz वर. दोन ऑक्टेव्ह खाली म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सी पावपट. 48 kHz वर घेतलेल्या फाइलमध्ये 24 kHz च्या वर काही नसतंच, मग खाली आणल्यावर 6 kHz च्या वर सगळं रिकामं, तुमचं मेलेपण बहुतेक तिथेच आहे. मी रीपरमध्ये Playback rate 0.25 केला आणि Preserve pitch ची खूण काढली, म्हणजे टेप हळू चालवल्यासारखा आवाज चौपट लांब होतो आणि धातूची झणझण शाबूत राहते. फक्त ठोक्याची धार पसरते, म्हणून मूळ वेगातल्या ठोक्याचे पहिले 30-40 मिलिसेकंद कापून वर बरोबर जुळवून ठेवायचे. दार तिथे "लागतं".

ड्रोनही त्याच परातीचा. ठोक्याची शेपटी ग्रॅन्युलरमध्ये टाकली, ग्रेन साधारण 100 मिलिसेकंद, आणि वाचायची जागा शेवटाकडून सुरुवातीकडे अगदी हळू सरकवली. धातूत वरचे सूर आधी विरतात, त्यामुळे उलटं गेलं की ड्रोन आपोआप उजळत जातो, फिल्टर हलवावाच लागत नाही, आणि हिट आणि कॉरिडॉर एकाच लोखंडाचे वाटतात. लायब्ररीतला हिट एका जागचा आणि ड्रोन दुसऱ्या जागचा आणला तर हे जुळवत बसावं लागतं, हेच मी तेव्हाही सांगत होते.

ग्रेन ठरावीक अंतराने सुटू देऊ नका. दर 20 मिलिसेकंदांनी एक सुटला तर 50 Hz ची घरघर येते आणि लोक केबल तपासत बसतात. ग्रेनचा पिच बदलूनही घरघर त्याच सुरात राहिली तर समजायचं की ती ग्रेनच्या वेगाची आहे, वेळेत थोडा रँडमपणा टाका, जाते.

हां, एक राहिलं, माइकच 20 kHz ला थांबत असेल तर 192 चा काही उपयोग नाही, स्पेक्ट्रोग्राममध्ये वर काही दिसतंय का ते आधी बघा. तेवढा माइक नसेल तर एकच ऑक्टेव्ह खाली जा आणि परातीऐवजी मोठं पिंप ठोका, ते मुळातच खालच्या सुरात वाजतं. लायब्ररी तरीही लागत नाही.