दोन्ही मुळं धन हवीत, पण m ऋण चालतो?

प्रश्न: (m − 2)x² − 2mx + (m + 3) = 0 ची दोन्ही मुळं धन असण्यासाठी m च्या किमती काढायच्या आहेत. मी बेरीज आणि गुणाकार धन, विवेचक शून्य किंवा जास्त असं धरलं, उत्तर आलं 0 < m ≤ 6. पुस्तकात मागे m < −3 किंवा 2 < m ≤ 6 दिलंय. m ऋण असून कसं चालेल? आणि बेरीज-गुणाकार दोन्ही धन असले की मुळं धन होणारच ना, मग विवेचक कशाला बघायचा? अकरावीत आहे.

उत्तर:

पुस्तक बरोबर आहे. तुझ्या अटीही बरोबर आहेत, घोटाळा त्या सोडवताना झालाय. कुठे झाला असेल ते तुझ्या उत्तरावरूनच दिसतं. मुळांची बेरीज 2m/(m − 2). ती धन हवी म्हणून तू छेद पलीकडे पाठवलास आणि 2m > 0, म्हणजे m > 0 लिहिलंस. गुणाकार (m + 3)/(m − 2), तिथेही तेच करून m > −3 काढलंस. असमानतेला m − 2 ने गुणताना तो धन आहे असं तू न लिहिता गृहीत धरलंस. m = 1 घेतलास तर तो −1 होतो आणि असमानतेचं चिन्ह उलटतं.

खात्री हवी तर तुझ्या उत्तरातलाच m = 1 घालून बघ. समीकरण होतं −x² − 2x + 4 = 0, म्हणजे x² + 2x − 4 = 0. मुळं −1 + √5 आणि −1 − √5. दुसरं सरळसरळ ऋण. आता m = −4 घे, जो तुला खटकतोय. −6x² + 8x − 1 = 0, म्हणजेच 6x² − 8x + 1 = 0, आणि मुळं साधारण 1.19 आणि 0.14. दोन्ही धन. m ऋण झाला की वर्गपदाचा सहगुणकही ऋण होतो आणि भागाकारात दोन्ही चिन्हं एकमेकांना खातात, एवढंच. m हे समीकरणाचं मूळ नव्हे. ते ऋण असण्याचा मुळांच्या चिन्हाशी थेट संबंध नाही.

मी मुलांना अशा गणितात छेद ठेवूच नका म्हणतो. भागाकाराचं आणि गुणाकाराचं चिन्ह एकच असतं, तेव्हा 2m/(m − 2) > 0 ऐवजी m(m − 2) > 0 लिही. यातून m < 0 किंवा m > 2. तसंच (m + 3)(m − 2) > 0, यातून m < −3 किंवा m > 2. विवेचकाला 4 ने भागलं की m² − (m − 2)(m + 3), आणि m² जाऊन उरतं 6 − m. म्हणजे m ≤ 6. तिन्ही एकाच संख्यारेषेवर काढ, जिथे तिन्ही एकत्र येतात ते पुस्तकातलं उत्तर.

आता विवेचक. "गुणाकार धन म्हणजे दोघांचं चिन्ह सारखं, बेरीज धन म्हणजे ते चिन्ह अधिक" हा युक्तिवाद पक्का आहे, पण मुळं वास्तव असतील तरच. संमिश्र मुळांना चिन्हच नसतं. आणि गंमत अशी की सहगुणक वास्तव असताना संमिश्र मुळं p + iq, p − iq अशा जोडीने येतात, त्यांचा गुणाकार p² + q² नेहमीच धन. म्हणजे गुणाकाराची अट त्यांना कधीच पकडत नाही, आणि p धन असला की बेरजेच्या अटीतूनही ती निसटतात. तुझ्याच गणितात m = 7 घाल: 5x² − 14x + 10 = 0. बेरीज 14/5, गुणाकार 2, दोन्ही धन. पण विवेचक 196 − 200 = −4. वास्तव मुळं नाहीतच.

उलट दोन मुळं विरुद्ध चिन्हांची हवी असतील तेव्हा विवेचक तपासावा लागत नाही. ac ऋण असला की b² − 4ac आपोआप धन होतो.

या गणितात बेरजेच्या अटीने काहीच वगळलं गेलं नाही, हे लक्षात आलं का? गुणाकाराच्या अटीत बसणारे सगळे m तिच्यातही बसतात. म्हणून ती सोडायची सवय लावून घेऊ नकोस. x² − 2(m − 1)x + (m + 5) = 0 मध्ये m = −2 घातलास तर x² + 6x + 3 = 0 येतं. विवेचक धन, गुणाकार धन, पण मुळं −3 ± √6, दोन्ही ऋण. तिथे बेरीजच वाचवते.

बरोबर उत्तराच्या टोकांवर काय होतं तेही बघ, कारण मार्क तिथेच जातात. m = −3 ला −5x² + 6x = 0, एक मूळ शून्य, आणि शून्य धन नाही, म्हणून −3 बाहेर. m = 6 ला (2x − 3)² = 0, दोन्ही मुळं 3/2. प्रश्नात "भिन्न" शब्द नाही म्हणून 6 आत. तो असता तर बाहेर गेला असता.

सगळ्यात मजेशीर जागा m = 2. तिथे x² चं पदच उडतं, −4x + 5 = 0 उरतं. मूळ 5/4 धन आहे, पण ते एकच, आणि समीकरण वर्गसमीकरण राहिलं नाही, म्हणून 2 बाहेर. दुसरं मूळ गेलं कुठे? m = 2.01 घे. बेरीज 402, गुणाकार 501, मुळं जवळजवळ 1.25 आणि 400.75. आता m = 1.99 घे. बेरीज −398, गुणाकार −499, मुळं जवळजवळ 1.25 आणि −399.25. एक मूळ जागचं हललं नाही. दुसरं उजवीकडे अनंताकडे पळालं आणि डावीकडून परत आलं. तू m − 2 ने गुणून नेमकी हीच उडी झाकून टाकली होतीस.

एक सापळा पुढच्या गणितांसाठी. "दोन्ही मुळं 1 पेक्षा मोठी" असा प्रश्न आला की बरेच जण बेरीज > 2 आणि गुणाकार > 1 लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. 1/2 आणि 5 ची बेरीज 5.5, गुणाकार 2.5, पण 1/2 तर लहानच. त्याऐवजी x = y + 1 घाल आणि y ची दोन्ही मुळं धन हवीत असं म्हण. तुझ्या समीकरणात हे केलंस तर उरतं (m − 2)y² − 4y + 1 = 0. बेरीज 4/(m − 2), गुणाकार 1/(m − 2), विवेचकाचा चौथा भाग पुन्हा 6 − m. म्हणजे 2 < m ≤ 6 असताना दोन्ही मुळं 1 च्या वर असतात. आणि m < −3 असताना y चा गुणाकार ऋण, म्हणून 1 च्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं. वर m = −4 ला आलेली 1.19 आणि 0.14 तशीच आहेत.