तळटीपांतले इबिड, एट अल, सीएफ

प्रश्न: बेळगावच्या इतिहासावर प्रबंध लिहितोय. तळटीपांत इबिड, एट अल, सीएफ दिसतात. ते वाचकाला नेमकं काय सांगतात?

उत्तर: इबिड म्हणजे ‘लगेच वरच्या टीपेतलाच ग्रंथ’, एट अल म्हणजे ‘आणि इतर लेखक’, सीएफ म्हणजे ‘याच्याशी ताडून पाहा’. मराठीत इबिडला ‘तत्रैव’ लिहितात.

घोळ होतो तो इबिडचाच, कारण त्याचा अर्थ जागेवर ठरतो. समजा, टीप 14 मध्ये 1884 चं बेळगाव गॅझेटियर आहे आणि टीप 15 मध्ये ‘तत्रैव, पृ. 124’. नंतर तुम्ही मध्ये महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाची टीप घातली. वर्ड आकडे आपोआप बदलतं, जुनी 15 आता 16 होते. पण ‘तत्रैव’ तसंच राहतं आणि वाचक गॅझेटियरचा मजकूर अहवालात शोधत बसतो. वरच्या टीपेत दोन ग्रंथ असले तरी हीच पंचाईत. म्हणून कच्च्या खर्ड्यात प्रत्येक टीपेत ‘बेळगाव गॅझेटियर, पृ. 124’ असं आखूड नावच ठेवा आणि तत्रैव अगदी शेवटी, टीपा पक्क्या झाल्यावर घाला.

सीएफ ‘पाहा’ या अर्थी वापरू नका. तिथलं म्हणणं वेगळं आहे, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, असं ते सुचवतं. नुसता आधार द्यायचा तर सरळ ‘पाहा’ लिहा.

मात्र शिकागो पद्धतीची 2017 ची आवृत्ती इबिडऐवजी आखूड नावच सुचवते, तेव्हा विद्यापीठाची नियमावली आधी मार्गदर्शकांना विचारून घ्या.