आधी हप्ता, मग रक्कम

बाळा,

तुझा अर्ज काल रात्री तीनदा वाचला. "काही घरगुती अडचणीमुळे पन्नास हजार रुपये उचल मिळावी, सवडीने फेडीन, तरी माझ्यावर दया करावी." अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात तू चार वर्षं शिलाई खात्यात आहेस, खाडा करत नाहीस, आणि अर्ज असा लिहिलास? पगारखात्यात माझी उमर गेली. असा अर्ज साहेबांपुढे नेताना हात अडखळतो.

पन्नास हजार आणले कुठून? बहिणीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता २४,००० आहे, तुझ्याजवळ ६,००० आहेत. अडलंय १८,००० ला. वरचे "हातात असावेत" म्हणून मागतोस. आधी फेडीचा हप्ता ठरव, मग रक्कम. तू उलटं केलंस.

पगाराची स्लिप काढ. एकूण १८,५००. पीएफचे १,८००, ईएसआयचे १३९, व्यवसाय कराचे २०० गेले की हातात १६,३६१ येतात. घराला ९,५०० लागतात, गाडीचा हप्ता २,३००. उरले ४,५६१. हे सगळे कापून द्यायची भाषा करू नकोस, एक ताप आला की पुन्हा हात पसरावा लागेल. ३,२०० दे. दिवाळीच्या महिन्यात मात्र २,००० च कापा, असं आधीच लिही. पाच वेळा ३,२०० म्हणजे १६,०००, वर दिवाळीचे २,०००. झाले १८,०००. जुलैच्या पगारापासून कपात सुरू झाली तर डिसेंबरच्या पगारात, गड्ड्याच्या यात्रेआधी, अंग मोकळं. पन्नास हजारांना याच हिशेबाने सव्वा वर्षाच्या वर लागलं असतं. तेवढी वाट कोणता मालक बघेल?

तू म्हणशील, हप्ता साहेब ठरवतील. तिथेच मी फसलो. पत्नीच्या बाळंतपणाला मी उचल मागितली तेव्हा लाजेने "घरगुती कारण" एवढंच लिहिलं, फेडीचा शब्द नाही. उचल मिळाली, आणि पुढच्याच पगारातून कायदा जेवढी परवानगी देतो तेवढी, म्हणजे निम्म्यापर्यंत कापली. किराण्यासाठी सावकाराकडे गेलो, शेकडा पाच महिना. ते व्याज दोन वर्षं फिटलं नाही. चूक त्यांची नव्हती. मी आकडा दिला नाही, त्यांनी त्यांचा लावला.

पुढे मी टेबलावर बसलो तेव्हा एका विणकराचा असाच मोघम अर्ज परत केला. तो सावकाराच्या दारात गेला आणि लोक मला दगड म्हणाले. पण मी साहेबांना काय दाखवणार होतो? कशाला, किती, कधी परत, यातलं कागदावर काहीच नव्हतं. मी नियमाने वागलो, आजही तेच म्हणतो. फक्त त्याला समोर बसवून अर्ज नव्याने लिहून घ्यायचा होता. वीस मिनिटांचं काम. ते मी केलं नाही, म्हणून आज तुझा अर्ज घेऊन बसलोय.

आता असं लिही:

"माझ्या बहिणीच्या नर्सिंग शिक्षणाच्या फीचा २४,००० रुपयांचा हप्ता २५ जूनपर्यंत भरायचा आहे. त्यातील ६,००० रुपये माझ्याजवळ आहेत. उरलेल्या १८,००० रुपयांची उचल मिळावी. जुलैच्या पगारापासून दरमहा ३,२०० रुपये आणि दिवाळीच्या महिन्यात २,००० रुपये कापावेत. सहा हप्त्यांत डिसेंबरच्या पगारात पूर्ण फेड होईल. त्याआधी नोकरी सोडल्यास शिल्लक रक्कम माझ्या अंतिम हिशेबातून वळती करावी. कॉलेजचे फीपत्र जोडले आहे."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नकोस. माणूस निघून गेला तर पैसे बुडतील ही भीती मालकाला असते, ती तू आपणहून काढून टाकतोस. पीएफमधून कापा असं मात्र चुकूनही लिहू नकोस, त्या पैशाला मालकाला हात लावता येत नाही. "दया" हा शब्द खोड. आईच्या डोळ्यांतलं पाणीही काढ, कागदाला त्याचा उपयोग नाही, फीपत्राचा आहे.

वर कामगार क्रमांक, खातं, तारीख घाल. दोन प्रती काढ आणि दुसरीवर पोच घे. उचल मिळाल्यावर दर महिन्याच्या स्लिपवर कपात आणि उरलेली शिल्लक तपास. एखाद्या महिन्यात ३,२०० ऐवजी जास्त कापलं तर पोचेची प्रत घेऊन त्याच दिवशी जा.

फीची तारीख २५ आहे. मंजुरीला आठवडा धर. अर्ज सोमवारी सकाळी टेबलावर गेला पाहिजे. रविवारी संध्याकाळी घरी ये, सही करण्याआधी एकदा बघतो.

तुझा काका