साठवलंच नाही, की आठवलं नाही?

प्रश्न: "सौम्य स्मरणतक्रार असलेल्या रुग्णाच्या न्यूरोसायकॉलॉजिकल रिपोर्टचा निकाल आणि अर्थ मराठीत लिहायचा आहे. 'विस्मरण' लिहावं की 'स्मृतिभ्रंश'? की दोन्ही एकच?"

एक नाहीत. 'स्मृतिभ्रंश' आज डिमेन्शियासाठी रूढ झालेला शब्द आहे, आणि चष्मा कुठे ठेवला ते न आठवणाऱ्या माणसाच्या कागदावर तो सर्रास उतरतो, याचा मनापासून संताप येतो. गीतेतला 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः' इथे पुरावा म्हणून आणू नका. तिथे रागातून सुटणाऱ्या विवेकाची गोष्ट चालली आहे, आजाराची नव्हे. 'विस्मरण' निरुपद्रवी आहे, पण निरुपयोगीही आहे. शब्द डोक्यात गेलाच नाही, गेला पण टिकला नाही, की टिकला पण वेळेवर हाती लागला नाही, हे त्यातून कळत नाही. रिपोर्ट लिहायचा तो हे सांगायलाच.

आणि हे सांगणारे शब्द, 'साठवणे' आणि 'आठवणे', मराठीत कधीचे आहेत. 'पाठवणे' संस्कृत 'प्रस्थापयति'पासून प्राकृत 'पट्ठवइ'च्या वाटेने आलं: पुढे उभं करणं, रवाना करणं. 'साठवणे' आलं 'संस्थापयति', 'संठवइ' या वाटेने: एकत्र उभं करून ठेवणं. जुन्या छापील मजकुरात 'सांठवणें' असा अनुस्वार दिसतो, तो त्या 'सं'चाच. 'आठवणे' हे याच घरातलं तिसरं भावंड, असं माझं ठाम मत आहे: आ + स्थापय, म्हणजे इकडे आणून समोर उभं करणं. 'आनयति'तला 'आ' 'आणणे'मध्ये इकडचीच दिशा दाखवतो. ध्वनीचीही अडचण नाही. 'अस्थि'पासून फणसाची 'आठळी' होते, तर 'आस्थापय'पासून 'आठव' व्हायला काय हरकत? 'अर्थ'चं प्राकृत 'अट्ठ' पुढे करून 'आठव' त्यातून काढणारे भेटतात. त्यांना विचारावंसं वाटतं की 'मला आठवतं' या रचनेत आठवण माझ्याकडे चालत येते, ते येणं 'अर्थ'मधून कसं निघतं? माझ्या व्युत्पत्तीत ते शब्दातच आहे.

परिभाषेत आठवण्यासाठी 'प्रत्यावाहन', 'पुनःप्राप्ती' आणि ओळखण्यासाठी 'प्रत्यभिज्ञा' असे शब्द आहेत. रुग्णाच्या मुलीने ते वाचून काय करावं? 'प्रत्यभिज्ञा' म्हणजे साधी 'ओळख'. ती 'उपलक्षयति'ची, प्राकृत 'उवलक्खइ'ची लेक: समोरच्या वस्तूवरची खूण पाहून पटणं. ओळखायला वस्तू समोर लागते, आठवायला ती आतून आणावी लागते. सगळा अर्थ या फरकावर लावायचा असतो.

समजा दोन व्यक्ती आहेत, दोघंही ६२ वर्षांचे, पदवीधर, मातृभाषेत तपासलेले. दोघांची तक्रार एकच: "नावं विसरतो." १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवली आणि दर वेळी आठवतील ते सांगायला सांगितलं. पहिल्याने ४, ६, ७, ८, ९ शब्द सांगितले. मध्ये दुसरी यादी झाली, २० मिनिटं गेली आणि न वाचता विचारल्यावर ६ आले. मग यादीतले १५ आणि न वाचलेले १५ शब्द मिसळून "हा होता का?" असं विचारलं. १४ बरोबर ओळखले, १ परका शब्द चुकून 'होता' म्हटला. दुसऱ्याचे आकडे ४, ५, ६, ६, ७. वीस मिनिटांनी १. ओळखीत ८ बरोबर, पण ७ परक्या शब्दांनाही 'हो'.

पहिल्याने शेवटच्या फेरीतल्या ९ पैकी ६ टिकवले, म्हणजे दोन तृतीयांश, आणि शब्द समोर येताच जवळजवळ सगळे पटले. साठवलंय, आठवायला अडतंय. दुसऱ्याकडे ७ पैकी १ उरला आणि समोर ठेवूनही खरे-परके वेगळे करता आले नाहीत: १५ पैकी ८ ला हो, परक्या १५ पैकी ७ ला हो, हा जवळपास अंदाजपंचे कौल. इथे साठवणच ढासळली आहे. नुसतं '८ ओळखले' लिहिलं तर हे झाकलं जातं, कारण प्रत्येक शब्दाला 'हो' म्हणणाऱ्याचे १५ पैकी १५ होतात. म्हणून परक्या शब्दांना दिलेले 'हो' शेजारीच लिहायचे, ते कधीही गाळायचे नाहीत.

निकालात एवढेच आकडे, आणि वय-शिक्षणाच्या गटातलं स्थान. स्थान पर्सेंटाइलमध्ये येतं, इथे दुसरा घोळ होतो. '१२ वा पर्सेंटाइल' वाचून घरचे '१२ टक्के पडले' म्हणतात. सीईटीच्या निकालाने शब्द ओळखीचा केला, अर्थ नाही. सरळ लिहा: "या वयाच्या आणि शिक्षणाच्या १०० जणांपैकी सुमारे १२ जण यांच्याइतके किंवा यांच्याहून कमी शब्द सांगतात." बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेने केलेल्या चाचणीसंचात १५ व्या पर्सेंटाइलखालचा गुण कमतरतेचा धरतात. पण तो धरणं हा अर्थाचा भाग आहे. 'स्मरणशक्ती कमी' हे वाक्य निकालात आलं की वाचणाऱ्याला मोजलेलं कुठे संपलं आणि तुमचं मत कुठे सुरू झालं ते कळत नाही.

अर्थ लिहिताना दुसरीकडचे आकडेही बोलवा. पहिल्याच फेरीत २ शब्द आले तर आधी ऐकू आलं का, लक्ष होतं का ते पाहायचं. अंक उलटे सांगण्याची चाचणीही कमजोर निघाली तर दोष साठवणीवर लगेच टाकू नये. पहिल्या व्यक्तीचा नमुना नैराश्यात, अपुऱ्या झोपेत, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारातही दिसतो. दुसऱ्याचा हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाच्या बिघाडाशी, म्हणून अल्झायमरच्या सुरुवातीशीही जुळतो. 'जुळतो' इतकंच. एका यादीवर 'आहे' म्हणता येत नाही. गोष्ट सांगून ती नंतर विचारण्याची चाचणीही तेच दाखवत असेल, तर वाक्याला वजन येतं.

पहिल्या व्यक्तीसाठी असं लिहावं: "ऐकलेले शब्द बऱ्याच अंशी साठवले जातात. ते स्वतःहून आठवताना अडचण येते, खूण मिळाली की ओळख पटते. हा नमुना साठवणीच्या बिघाडापेक्षा आठवण्यातल्या अडचणीशी अधिक जुळतो." दुसऱ्यासाठी: "शिकलेल्यापैकी फारच थोडं २० मिनिटांनी उरतं, आणि शब्द समोर ठेवूनही खात्रीने ओळखता येत नाही."

रुग्णाचं "विसरतो" मात्र तक्रारीच्या ओळीत अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं. 'विसरणे' ('विस्मरति'चंच रूप) माणूस साठवण आणि आठवण दोन्हींच्या चुकांसाठी वापरतो, त्यावरून निदान करू नये. आणि 'सौम्य' हे विशेषण तक्रारीचं असेल तर तक्रारीलाच लावा. 'सौम्य स्मरणतक्रार' आणि 'सौम्य बोधनिक कमतरता' या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रुग्ण सांगतो, दुसरी आकड्यांवरून आणि रोजच्या व्यवहारावरून ठरते, आणि तक्रार सौम्य असलेल्या या दुसऱ्या गृहस्थांचे आकडे सौम्य नाहीत.