नाव झाकून चित्र बघ

कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला चित्रकार हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र, विश्लेषणाला मिळालं की बहुतेक जण नावावरूनच सुरुवात करतात: ‘ही स्त्री आशेचं प्रतीक आहे.’ हे विश्लेषण नव्हे. शीर्षक झाकून ठेव आणि दहा मिनिटं नुसतं बघ.

आधी रंग घे, कारण इथे सगळं त्यावरच उभं आहे. ज्योतीवर धरलेल्या तळव्याकडे बघ. बोटांमधून उजेड झिरपतो, म्हणून कडा लालसर दिसतात. ‘रंग उबदार आहेत’ एवढंच लिहू नकोस. ऊब कुठून सुरू होते आणि कुठे विझते ते लिही. हे जलरंग आहे, म्हणजे उजेड कागदाच्या पांढरेपणातून येतो, हेही नोंदव.

मग रेषा: उजेडातली कड स्पष्ट, अंधारातली विरघळलेली. रचनेत नजर ज्योतीवरून चेहऱ्याकडे जाते, कारण तेच दोन भाग सर्वांत उजळ आहेत. अवकाशासाठी मागची सावली पुरेशी आहे. भिंत किती जवळ आहे हे तीच सांगते.

प्रत्येक वाक्यात ‘काय दिसतं’ आणि ‘त्यामुळे काय होतं’ दोन्ही हवं. ‘त्यामुळे’ जोडता येत नसेल, तर ते अजून वर्णनच आहे.