अंग बाहेर आलं, म्हणजे पिशवी काढावीच लागते का?

“ताई, माझं वय ४८, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. संध्याकाळपर्यंत खाली जड जड होतं, आंघोळ करताना बोटाला मऊ गोळा लागतो. शिंक आली की लघवी सुटते. शेजारीण म्हणते, अंग बाहेर आलं की पिशवी काढावीच लागते. खरं का?”

नाही, काढावीच लागते असं नाही. सत्तरीतल्या एका वहिनींची हकीकत सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

वहिनी माझ्याकडे आल्या त्या घरातल्या भांडणांसाठी. बोलता बोलता कळलं, नवऱ्याला काही न सांगता त्या वेगळ्या खोलीत झोपत होत्या. काजूच्या हंगामात दिवसभर वाकून बोंडू गोळा करायचे, भरलेली टोपली उचलायची, आणि दुपारनंतर काहीतरी खाली उतरतंय असं वाटायचं. रात्रभर आडवं झालं की सकाळी गोळा नाहीसा. म्हणून त्यांना वाटे, आपल्या मनाचेच खेळ आहेत. लघवी सुटू नये म्हणून त्यांनी जत्रेला जाणं सोडलं आणि पाणीही कमी केलं. पाणी कमी पडलं तशी बद्धकोष्ठता वाढली, शौचाला कुंथावं लागू लागलं, आणि कुंथल्यामुळे गोळा आणखी खाली येऊ लागला. हे चक्र मी बऱ्याच बायकांमध्ये पाहते.

त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. डॉक्टरांनी खोकायला आणि जोर करायला लावून तपासलं, तेव्हा गोळा योनीच्या तोंडाशी आला. पण ती गर्भपिशवी नव्हतीच. योनीची पुढची भिंत सैल होऊन तिच्यामागचं मूत्राशय खाली झुकलं होतं. पिशवी थोडीशीच उतरली होती. कधी मागची भिंत सैल होते, तेव्हा गुदाशय पुढे येतं. नुसती पिशवी काढून मूत्राशय वर जात नाही, त्यासाठी सैल भिंत आणि आधार वेगळे शिवावे लागतात. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: माझं नेमकं काय उतरलंय, आणि किती?

वहिनी म्हणाल्या, “व्यायाम करून पाहिला, गुण नाही.” फिजिओथेरपिस्टनी तो करून दाखवायला सांगितला, तेव्हा कारण कळलं. त्या श्वास रोखून, पोट फुगवून खाली जोर देत होत्या, म्हणजे अगदी उलटं. वारा आणि लघवी एकाच वेळी अडवताना जसं आत-वर खेचतो तसं खेचायचं. पोट, मांड्या, कुल्हे सैल, श्वास चालू. सुरुवातीला ३-४ सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं. हळूहळू १० सेकंदांपर्यंत, एका वेळी ८ ते १०, दिवसातून तीनदा. चालू लघवी अडवून रोज सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. शिंक येतेय असं वाटलं किंवा टोपली उचलायची असली की आधी हेच स्नायू आवळायचे. शिंकताना लघवी सुटणं यानेच कमी होतं. पण फरक दिसायला तीन-चार महिने द्यावे लागतात, आणि मोठा गोळा व्यायामाने पूर्ण वर जात नाही. जडपणा मात्र बऱ्याच जणींचा हलका होतो.

काजूचा हंगाम जवळ आला होता, म्हणून डॉक्टरांनी सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, बसवली. माप अंदाजानेच निवडतात, त्यामुळे दवाखान्यातच चालून, उकिडवं बसून, खोकून आणि लघवी करून पाहायचं. लहान असेल तर निसटते, मोठी असेल तर टोचते किंवा लघवी अडवते. वहिनींची पहिली रिंग निसटलीच, दुसरी बसली. गोळा गेला, पण खोकताना लघवी पूर्वीपेक्षा जास्त गळू लागली आणि त्या घाबरून माझ्याकडे आल्या. उतरलेल्या मूत्राशयामुळे मूत्रमार्गाला बाक येतो आणि गळती दबून राहते. रिंगने तो सरळ झाला की ती उघडी पडते. शस्त्रक्रियेनंतरही असं होऊ शकतं, म्हणून हे आधीच विचारून घ्यावं. त्यांनी व्यायाम चालू ठेवला आणि गळती हळूहळू आटोक्यात आली. पाळी गेल्यामुळे आलेल्या कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं मलम मिळालं. रिंग दर काही महिन्यांनी काढून, धुऊन, आतली त्वचा तपासून घ्यावी लागते.

नवऱ्याशी बोलायला त्यांना मोठा धीर लागला. “अंग उतरलंय, इलाज चालू आहे,” एवढंच त्यांनी सांगितलं. त्याला वाटत होतं, बायकोचं आपल्यावरून मन उडालंय. ही रिंग हवी तेव्हा स्वतः काढता येते, हे मी दोघांनाही समजावलं.

शस्त्रक्रिया वाईट नाही. रिंग सहन होत नसेल किंवा त्रास जगणं अडवत असेल तर ती करावी, पण बहुतेक वेळा घाई नसते. घाई असते ती लघवी अडली, रक्त गेलं, गोळ्यावर जखम झाली किंवा तो आत जाईना, तर. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. पण या आठवड्यात तपासणीची वेळ घ्या, आणि पाणी कमी केलं असेल तर आजपासून नीट प्या.