"डाग आलेत काय मारू" एवढाच मेसेज रोज येतो तेव्हा

प्रश्न: मी दिंडोरीला कृषी सेवा केंद्रात सहा महिने झाले बसतोय. एक वयस्कर द्राक्ष बागायतदार रोज दोन-तीन मेसेज टाकतात, "डाग आलेत काय मारू", "पान वाळतंय", कधी नुसता एक फोटो. प्लॉट कोणता, छाटणीला दिवस किती झाले, काहीच नसतं. विचारलं तर अर्धंच उत्तर येतं. मोठे आहेत, तोडून बोलता येत नाही. तुम्ही अशा वेळी काय करता?

उत्तर:

भाऊ, मी पिंपळगावच्या बाजूला 22 वर्षं याच कामात आहे आणि असे मेसेज टाकणारे एक आबा माझ्याकडे पण होते, म्हणजे अजून आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक लक्षात घ्या की त्यांच्या बाजूने तो मेसेज पूर्णच असतो. ते विहिरीजवळच्या प्लॉटमध्ये उभे आहेत, पान हातात आहे, छाटणी कधी केली ते डोक्यात पक्कं बसलंय, परवा काय मारलं तेही माहितीय. मग लिहायचं काय उरलं, तर "डाग आलेत काय मारू". समोर बसून बोलत असते तर पान दाखवून एवढंच बोलले असते आणि तुम्हाला कळलंही असतं. मेसेजमध्ये ते पान आणि तो प्लॉट येत नाही, एवढीच अडचण आहे. हे पटलं की निम्मी चिडचिड कमी होते, माझी तरी झाली.

माझी चूक काय झाली ते सांगतो. त्या वर्षी आबांनी गोडी छाटणी 10 ऑक्टोबरला घेतली होती, थॉमसन. नोव्हेंबरच्या मध्यात बेमोसमी पाऊस झाला आणि 16 तारखेला सकाळी मेसेज आला, डाग आलेत काय मारू. मी मनात म्हटलं पाऊस झालाय, फुलोऱ्याची वेळ आहे, डाऊनीच असणार, दुसरं काय, आणि दुकानात गर्दी होती म्हणून काही न विचारता डाऊनीचं औषध सांगून मोकळा झालो. आबांनी त्याच दिवशी मारलं. दोन दिवसांनी परत मेसेज, "डाग वाढले". मग मी गाडी काढली आणि बागेत गेलो.

बघतो तर डाऊनी नव्हतीच. डाग पानाच्या कडेला आणि टोकाला होते, जिथे फवारणीचा थेंब ओघळून साचतो तिथे, सगळे एकाच वयाचे, करपल्यासारखे तपकिरी, आणि ब्लोअर ज्या बाजूने गेला त्या बाजूला जास्त. पान उलटून बघितलं तर खाली स्वच्छ. डाऊनीचं तसं नसतं, तिथे आधी वरून पिवळसर तेलकट डाग दिसतो, दमट सकाळी त्याच डागाखाली पांढरा कापसासारखा थर दिसतो, आणि नवे-जुने डाग एकत्र असतात. आबांनी पावसाच्या भीतीने तांब्याचं बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि स्टिकर एकाच टाकीत टाकून मारलं होतं आणि त्याने पानं जळाली होती. त्या जळक्या पानांवर माझ्या सांगण्यावरून अजून एक फवारा बसला आणि त्या ओळींतली पानं गळायला लागली. मेसेज त्यांचा अर्धा होता हे खरं, पण उरलेला अर्धा मी अंदाजाने भरला आणि नुकसान तिथे झालं. तेव्हापासून अर्ध्या मेसेजवर मी औषधाचं नाव सांगत नाही, कितीही गर्दी असली तरी.

आता तुमच्या मूळ अडचणीवर येतो, विचारलं तर अर्धंच उत्तर येतं. मला वाटतं तुम्ही एकाच मेसेजमध्ये चार प्रश्न विचारत असणार, प्लॉट कोणता, दिवस किती, आधी काय मारलं, फोटो टाका. मी पण तेच करायचो. समोरचा माणूस ओल्या हाताने फोन धरून उभा असतो, त्याला शेवटचा प्रश्न तेवढा दिसतो, तो फोटो टाकतो आणि त्याच्या लेखी उत्तर देऊन झालं. म्हणून एका वेळी एकच प्रश्न विचारा, आणि असा प्रश्न निवडा की ज्याच्या उत्तराने तुमचा सल्ला सगळ्यात जास्त बदलेल. डागांच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, "आबा, त्याच पानाच्या खालच्या बाजूचा एक फोटो टाका ना." खाली पांढरा कापूस दिसला तर एक रस्ता, पूड दिसली आणि बोटाने पुसली गेली तर भुरीचा रस्ता, स्वच्छ असेल तर पुढचा प्रश्न, शेवटचा फवारा कधी आणि कशाचा. दिवस मात्र मी आता विचारतच नाही, कारण फोनमध्ये त्यांचं नावच मी "आबा विहीर थॉमसन 10 ऑक्टो" असं सेव्ह केलंय, मेसेज आला की छाटणीची तारीख डोळ्यासमोरच असते, दिवस आपण मोजायचे. दोन प्लॉट असतील तर दोन्ही लिहून ठेवा, आणि प्लॉटला ते स्वतः जे नाव घेतात तेच लिहा, विहिरीचा, रोडचा, गट नंबर लिहून काही उपयोग नाही.

अजून एक, मेसेज आला की पाच मिनिटं थांबा. बरेच जण तुकड्या-तुकड्याने पाठवतात, आधी "डाग आलेत", मग फोटो, मग "रोडच्या प्लॉटला". आपण पहिल्याच तुकड्यावर प्रश्न टाकला की त्यांची लिंक तुटते आणि पुढचा तुकडा येतच नाही.

शेवटच्या फवाऱ्याचा प्रश्न नाजूक आहे. पुष्कळ वेळा माणूस तिथेच गप्प होतो आणि आपल्याला वाटतं नीट लिहीत नाही. खरं म्हणजे औषध दुसऱ्या दुकानातून घेतलेलं असतं, किंवा आपल्याकडे उधारी थकलीय म्हणून सांगायला अवघड वाटतं, किंवा पुतण्याने काहीतरी आणून दिलेलं असतं आणि त्याचं नाव माहीत नसतं. मी असं लिहितो, "आबा, कुठून घेतलं ते राहू द्या, फक्त बाटलीच्या लेबलचा फोटो टाका, टाकीत दोन-तीन गोष्टी एकत्र टाकल्या असतील तर सगळ्यांचा." जळण्याची त्या वेळची केस या एका फोटोवर घरबसल्या कळली असती.

फोटोतूनही नक्की कळत नसेल तर एक साधी तपासणी सांगा. संध्याकाळी डाग असलेली दोन-तीन पानं तोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या कागदाबरोबर ठेवायची, तोंड बांधायचं आणि रात्रभर घरात अंधारात ठेवायची. डाऊनी जिवंत असेल तर सकाळी डागाखाली पांढरा थर उठलेला दिसतो. नाही उठला म्हणजे डाऊनी नाहीच असं मात्र धरू नका, नुकतंच औषध मारलं असेल तर थर येत नाही.

आता मेसेज नीट लिहायला कसं सुचवायचं. "पूर्ण माहिती पाठवत जा" असं म्हणू नका, त्याने माणूस दुखावतो आणि पूर्ण म्हणजे काय ते त्याला कळत पण नाही. मी काय केलं, आबांशी प्रश्नोत्तरं झाली की शेवटी त्यांचाच मेसेज जोडून परत पाठवायचो. असा: "आबा, डायरीत असं लिहिलंय, रोडचा प्लॉट, थॉमसन, 52 दिवस, पानाच्या खाली पांढरा कापूस, परवा फवारा मारला पण नंतर पाऊस झाला. बरोबर ना?" ते "बरोबर" म्हणायचे. मग औषध आणि प्रमाण. पुढच्या वेळी परत तसंच, त्याच क्रमाने, प्लॉट, दिवस, काय दिसतंय, शेवटचा फवारा. शिकवतोय असं कुठेच वाटू द्यायचं नाही, आपण आपली डायरी भरतोय. पाच-सहा वेळा झाल्यावर मी फक्त एवढंच म्हटलं, "आबा, तुम्ही प्लॉटचं नाव आधी टाकलंत ना, की मला लगेच सांगता येतं." एका वेळी एकच गोष्ट सुचवायची. ते जमलं की पुढची.

टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज चालतो, फक्त प्लॉटचं नाव आधी बोला असं सांगायचं. आणि फोटो धुरकट येत असेल तर कॅमेऱ्याच्या काचेवर फवारणीचा थर बसलेला असतो, शर्टाला पुसायला सांगा.

हे सगळं त्यांच्याशी एकट्याने बोला, दुकानाच्या ग्रुपवर कधीच नाही. चार बागायतदारांसमोर "आबा, नीट लिहा" म्हटलं की ते तिथे विचारणं बंद करतात आणि मग परस्पर काहीतरी मारून बसतात.

आणि मेसेजवर किती ताणायचं त्याला पण मर्यादा ठेवा. दोन प्रश्न विचारून चित्र उभं राहिलं नाही की तिसरा लिहू नका, सरळ फोन लावा. फुलोऱ्यात असताना घडावर काही दिसतंय म्हणाले तर पहिल्या मेसेजलाच फोन, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी बागेत, कारण तिथे एका दिवसाचा उशीर पण महागात पडतो. काढणी जवळ आली असेल तर काय मारलं आणि कधी मारलं याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय काहीच सांगू नका, माल एक्सपोर्टला जाणार असेल तर तपासणीत औषधाचा अवशेष सापडला की सगळा प्लॉट अडकतो.

माझ्या आबांना दीड महिना लागला, आणि ते रोज सुधारले असं पण नाही, डिसेंबरमध्ये परत दोनदा नुसता फोटो आला होता. मी परत तेच केलं, खालच्या बाजूचा फोटो मागितला, डायरीसारखा मेसेज जोडून पाठवला. मग 2 जानेवारीला सकाळी साडेसातला आला, "विहिरीचा प्लॉट थॉमसन 84 दिवस घडावर पांढरी पूड पुसली जाते 8 दिवसात काही मारलं नाही, माल एक्सपोर्टचा आहे, फोटो टाकतो". खाली दोन फोटो, एक घडाचा आणि एक पानाचा उलट्या बाजूने. मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही, काढणीला किती दिवस राहिलेत ते मोजलं आणि त्यात बसेल तेवढंच सांगितलं.